स्वेटरवरचे गोळे: आधी धागा ओळखा, मग कापा

गोव्यात स्वेटर कपाटाबाहेर येतो तो डिसेंबरात, आणि फेब्रुवारी संपता संपता परत आत जातो. पणजीला जानेवारीच्या रात्री पारा २० अंशांच्या आसपास उतरतो, सत्तरी-सांगेकडे थोडा आणखी खाली. एवढ्याशा वापरात स्वेटर कसला खराब होणार, असं वाटतं. तरी दुसऱ्याच हंगामात काखेत, कोपरापाशी, बाहीच्या आतल्या अंगाला बारीक बारीक गोळे दिसायला लागतात. कारण आपल्याकडे स्वेटर सर्वांत जास्त घातला जातो तो सकाळी स्कूटरवर. पाठीला सॅक असते, वर विंडचीटर असतो, आणि तासभर ते सगळं त्याच्यावर घासत राहतं. पुढे ऑफिसात एसी असतो, म्हणून स्वेटर दिवसभर अंगावर राहतो आणि बाह्या टेबलाच्या कडेला घासतात. थंडी कमी असली तरी घासणं कमी नाही, आणि गोळे येतात ते घासण्यानेच.

मी फोंड्याला विणकाम शिकवते आणि उसवलेले स्वेटर दुरुस्त करून देते. स्वेटर पहिल्यांदाच सांभाळायची वेळ आलेल्यांसाठी हे लिहिते आहे. पुण्याला किंवा बेंगळुरूला शिकायला निघालेल्या मुलामुलींनाही याचा उपयोग होईल.

गोळा तयार कसा होतो

स्वेटरचा धागा म्हणजे हजारो बारीक तंतूंचा पीळ. जे तंतू आखूड असतात किंवा ज्यांना पीळ सैल बसलेला असतो, त्यांची टोकं घासण्याने वर येतात. आधी नुसती लव दिसते. मग ती लव स्वतःभोवती गुंडाळली जाते आणि गोळा होतो. हा गोळा कापडावर सुटा पडलेला नसतो. दोन-चार लांब तंतूंनी तो आत धाग्याला बांधलेला असतो. भिंग असेल तर सुईच्या टोकाने एखादा गोळा हलकेच उचलून बघा. खाली केसासारखे तंतू ताणलेले दिसतील, आणि आणखी ओढलं तर ते तुटायच्या आधी धाग्यातून थोडे बाहेर सरकतील. नखांनी ओढून काढलेल्या गोळ्याच्या जागी थोड्या दिवसांत दुसरा येतो तो यामुळेच. ओढताना आपणच नवे तंतू वर आणलेले असतात.

लोकर आणि अ‍ॅक्रिलिक यांच्यातला खरा फरक या बांधून ठेवणाऱ्या तंतूंत आहे. लोकरीचा तंतू त्या मानाने कमजोर असतो. घासता घासता तो तुटतो आणि गोळा आपोआप गळून पडतो. म्हणून चांगल्या लोकरीच्या नव्या स्वेटरला सुरुवातीला गोळे येतात आणि सैल तंतू एकदा निघून गेले की पुढे कमी होतात. अ‍ॅक्रिलिकचा तंतू मजबूत. तो गोळ्याला सोडतच नाही, त्यामुळे जुने गोळे तसेच राहतात आणि नव्यांची भर पडते. दोन्ही मिसळलेला स्वेटर बहुधा सर्वांत जास्त त्रास देतो. लोकरीची लव भराभर वर येते आणि अ‍ॅक्रिलिकचे तंतू तिला धरून ठेवतात.

आपला स्वेटर कशाचा आहे

लेबल असेल तर प्रश्न मिटला. पण बाजारात ‘कॅशमिलॉन’ म्हणून मिळतं ते अ‍ॅक्रिलिकच, काश्मिरी लोकरीशी त्याचा संबंध नाही. घरी विणायला आणलेल्या लडीला आपण सरसकट लोकर म्हणतो, तीसुद्धा बऱ्याचदा अ‍ॅक्रिलिकची असते. लडीवरचा कागद वाचल्याशिवाय धरून चालू नका.

लेबल कापून टाकलेलं असेल तर जाळून बघायची जुनी पद्धत भरवशाची आहे. नव्या स्वेटरसोबत बटणाजवळ जादा धागा दिलेला असतो तो घ्या, नसेल तर आतल्या शिवणीतलं एखादं सुटं टोक कापा. तीन-चार सेंटिमीटर पुरे. स्टीलच्या ताटात थोडं पाणी घ्या, धागा चिमट्यात धरून ताटावर न्या आणि काडी लावा. लोकर सावकाश जळते, ज्योत बाजूला नेली की बहुधा विझते, केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांनी चुरडली जाते. अ‍ॅक्रिलिक झटकन पेट घेतं, वितळत जळत राहतं, वास उग्र येतो आणि मागे काळा कडक मणी उरतो. केसाचा वास आला आणि कडक कणही राहिले, तर मिश्र धागा समजा. वितळलेलं अ‍ॅक्रिलिक कातडीला चिकटून भाजतं. म्हणून धागा हातात धरू नका, आणि हे काम मुलांना देऊ नका.

कशाने काढायचे

शुद्ध लोकरीचा, मऊ आणि पातळ विणीचा स्वेटर असेल तर स्वेटरची बारीक दातांची फणी उत्तम. लोकरीचे गोळे तिच्या ओढीने सहज तुटतात. एका हाताने कापड सपाट धरायचं, फणी जवळजवळ आडवी ठेवायची आणि एकाच दिशेने दोन-तीन इंचांचे हलके फटके द्यायचे. पुढेमागे घासलं की नवी लव उठते. अ‍ॅक्रिलिकवर हीच फणी मी वापरू देत नाही. तिथे गोळा तुटत नाही, फणीबरोबर धागा ओढला जातो.

अ‍ॅक्रिलिक आणि मिश्र धाग्यासाठी गोळे कापणारं यंत्र घ्या. दुकानात लिंट रिमूव्हर म्हणून मागितलंत की मिळतं. भोकं असलेली जाळी आणि तिच्याखाली फिरणारं पातं, एवढीच त्याची रचना. गोळा भोकातून आत जातो आणि कापला जातो, कापड जाळीबाहेर राहतं. जाळीची उंची कमी-जास्त करता येईल असं मिळालं तर तेच घ्या, विणलेल्या कपड्याला त्याचा फार फायदा होतो. जाड, खरबरीत लोकरीच्या कपड्यावर घासायला दगडही मिळतो, पण पातळ स्वेटरला तो लावू नये. चिकटपट्टी आणि रोलर फक्त सुटी लव उचलतात, बांधलेला गोळा त्यांनी निघत नाही.

दाढीच्या रेझरचा उपाय घरोघरी सांगितला जातो. घट्ट, सपाट विणीवर हलक्या हाताने तो चालतो. पण विणीचा एक टाका कापला गेला की तिथून शिडीसारखी वीण सुटत जाते, आणि रेझरला गोळा कुठला आणि टाका कुठला हे कळत नाही. नवख्या माणसाने त्या वाटेला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

एका स्वेटरचं काम, सुरुवातीपासून

शेजारची मुलगी रोज स्कूटरने फोंड्याहून पणजीला जाते, एका बाजूचं अंतर सुमारे ३० किलोमीटर. तिचा गडद निळा स्वेटर ७० टक्के अ‍ॅक्रिलिक आणि ३० टक्के लोकरीचा. ती म्हणाली, “काकी, बसल्या बसल्या ओढून काढते मी, पण चार दिवसांत परत तेवढेच येतात.”

सर्वांत आधी आम्ही गोळे कुठे आहेत ते पाहिलं, कारण जागेवरून कारण कळतं. दोन्ही खांद्यांवर सॅकच्या पट्ट्यांच्या रुंदीचे दोन पट्टे होते. पाठीवर कमरेच्या वर एक मोठा डाग, तिथे सॅकचा तळ टेकतो. बाह्यांच्या आतल्या अंगाला थोडे होते, ते हात हलताना अंगाशी होणाऱ्या घर्षणाचे. आणि उजव्या मनगटावर दाट, कारण माऊस धरताना तोच हात टेबलावर टेकतो. छाती आणि पोट जवळजवळ स्वच्छ. सगळा स्वेटर हलक्या प्रतीचा असता तर गोळे असे ठरावीक जागी न येता सगळीकडे पसरले असते. तसं दिसलं की दोष धाग्यात किंवा धुण्यात शोधायचा.

स्वेटर धुतलेला आणि पूर्ण वाळलेला हवा. गोव्याच्या हवेत हे नुसतं हात लावून कळत नाही. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश ओल धरूनही हाताला कोरडी लागते, आणि ओलसर तंतू कापला जाण्याऐवजी ताणला जातो. म्हणून कपाटातून काढलेला स्वेटर आधी तास-दोन तास पंख्याखाली पसरून ठेवावा, मगच यंत्र हातात घ्यावं.

मग टेबलावर तो सपाट अंथरला. बाहीच्या आत जाड पुठ्ठा सरकवला, म्हणजे खालचा थर वर येत नाही आणि शिवणीची गाठ जाळीखाली सापडत नाही. कापड ताणायचं नाही. ताणलं की टाके उघडतात आणि टाक्याचा फास भोकात शिरतो. सुरकुती जाईल इतकंच सारखं करायचं. टेबल लॅम्प बाजूला, कापडाच्या पातळीला आणून ठेवला. वरून उजेड पडला तर गडद स्वेटरवरचे गोळे दिसत नाहीत. आडव्या उजेडात प्रत्येक गोळ्याची सावली पडते आणि किती काम उरलंय ते नेमकं कळतं.

यंत्राची जाळी सर्वांत उंच ठेवून पहिली चाचणी खालच्या काठाच्या आतल्या बाजूला घेतली. चार-पाच सेकंद फिरवून कापड उजेडापुढे धरलं. टाका तुटलेला नाही, वीण विरळ झालेली नाही, हे पाहिल्यावरच खांद्याकडे वळलो. यंत्र दाबायचं नाही, त्याच्या वजनाने जेवढं टेकतं तेवढंच टेकू द्यायचं. लहान लहान गोल फिरवत पुढे जायचं, एका जागी थांबायचं नाही. दाट भागात एकदा फिरवून झालं की हाताने झटकायचं, दिव्यात बघायचं, आणि गरज असेल तरच दुसऱ्यांदा जायचं. एका फेरीत सगळं गुळगुळीत करायचा हट्ट धरला की टाका कापला जातो.

आवाजाकडे लक्ष असू द्या. पातं नीट फिरत असतं तेव्हा आवाज एकसारखा येतो आणि गोळा कापताना बारीक करकर ऐकू येते. आवाज जड झाला, किंवा कापड यंत्राबरोबर सरकायला लागलं, तर लगेच उचला. डबी भरलेली असते, पात्याला लव गुंडाळलेली असते किंवा बॅटरी उतरलेली असते. मंद पातं कापत नाही, ओढतं. यंत्र बंद करून जाळी काढा, सोबत मिळालेल्या ब्रशने पातं साफ करा. मिश्र धाग्याच्या एका स्वेटरला डबी मध्येच रिकामी करावी लागणं नेहमीचंच आहे.

मनगटावरच्या उभ्या पट्ट्यांच्या विणीवर यंत्र चालवलं नाही. तिथे उंच रेघा आणि खोल चर असतात, जाळी फक्त उंच रेघांवर टेकते आणि त्याच कापते. वेणीच्या नक्षीचंही तसंच. अशा जागी बोथट टोकाची छोटी कात्री घ्यायची, कापड तर्जनीवर घेऊन बोट थोडं वाकवायचं, म्हणजे गोळा उभा राहतो. मग कात्री कापडाला समांतर ठेवून गोळ्याच्या बुडाशी कापायचं. मनगटाला वेळ लागला, पण त्याला दुसरा मार्ग नाही.

पाठीवर एका जागी लांब फास बाहेर आलेला होता, बहुधा सॅकच्या वेल्क्रोने ओढलेला. तो कापायचा नसतो. तो स्वेटरचाच सलग धागा आहे. क्रोशाच्या बारीक सुईने आतून पकडून तो मागे घेतला आणि आजूबाजूचे टाके आडवे-उभे हलके ताणून धागा परत त्यांच्यात वाटून दिला. यंत्र लावण्याआधी असे फास शोधून मागे घेणं फार महत्त्वाचं आहे, कारण जाळीच्या भोकात सर्वांत आधी तेच जातात.

शेवटी मऊ कपड्यांच्या ब्रशने एकाच दिशेने झाडून घेतलं. खांदे नव्यासारखे दिसायला लागले. पाठीवरचा डाग मात्र थोडा ठेवून दिला. स्वेटर खिडकीपुढे धरला तेव्हा तेवढ्या भागातून उजेड जास्त येत होता. गोळे कापले की धाग्यातला तेवढा भाग कायमचा जातो. जिथे कापड बाकीच्यापेक्षा पातळ दिसतं तिथे थांबायचं. तिथले गोळे आता दिसत राहणार, आणि ते भोकापेक्षा बरे.

परत येऊ नयेत म्हणून

तिच्या स्वेटरचं खरं औषध सॅकमध्ये होतं. सॅक पाठीवर न घेता स्कूटरवर पायांपुढच्या जागेत नीट बसवून ठेवायची, किंवा मावत असेल तर डिकीत टाकायची. पाठीवर घ्यावीच लागत असेल तर स्वेटरवर विंडचीटर घालायचा आणि सॅक त्यावर. पण विंडचीटरचं अस्तर गुळगुळीत हवं. आतून जाळीचं किंवा केसाळ अस्तर असेल तर तेच स्वेटरला घासत राहतं आणि गोळे खांद्यांपुरते न राहता सगळीकडे येतात. ऑफिसात टेबलावर काम करताना बाह्या कोपरापर्यंत वर घ्यायच्या. रोज तोच स्वेटर न घालता एक दिवस आड घातला तर लोकरीच्या तंतूंना सावरायला वेळ मिळतो. काढल्यावर ब्रशने झाडला तर वर आलेली लव गुंडाळली जाण्याआधीच मोकळी होते.

दुसरं कारण धुणं. थोड्या वापराने स्वेटर मळत नाही, त्यामुळे दर वेळी धुवायची गरज नसते. वाऱ्याला ठेवला तरी वास जातो. धुवायचाच तर आधी उलटा करा, चेन आणि बटणं लावा. बादलीत नळाचं साधं पाणी घेऊन लोकरीसाठी मिळणारं लिक्विड बाटलीवर लिहिलेल्या मापाने घाला. कपड्यांची नेहमीची पावडर लोकरीला नको, कारण तिच्यातली डाग काढणारी एन्झाइम्स प्रथिनं तोडतात, आणि लोकर प्रथिनाचीच असते. रिठ्याचं पाणी लोकरीला चालतं, पण पांढऱ्या आणि फिक्या रंगांना त्याची छटा लागू शकते. दहा मिनिटं भिजवा, तळहातांनी दाबून पाणी आत-बाहेर होऊ द्या. ब्रश, चोळणं, दगडावर आपटणं यातलं काही नको. त्याच तापमानाच्या पाण्यात दोनदा काढा. पिळू नका, कोरड्या टॉवेलवर पसरून टॉवेलसकट गुंडाळा आणि वरून दाबा. मग सावलीत चटईवर आडवा वाळत घाला. दोरीवर टांगलेला ओला स्वेटर स्वतःच्या वजनाने लांबतो.

मशिनमध्ये टाकायचा असेल तर उलटा करून जाळीच्या पिशवीत, नाजूक कपड्यांच्या सेटिंगवर. सोबत जीन्स आणि टॉवेल घालू नका. एकटा स्वेटर तासभर फिरण्यापेक्षा जीन्सबरोबर एकदा फिरणं त्याला जास्त महागात पडतं. अ‍ॅक्रिलिकला गरम पाणी आणि गरम इस्त्री दोन्ही वर्ज्य. उष्णतेने ते मऊ पडून पसरतं, आणि एकदा चपटं झालेलं परत फुगत नाही. लोकरीचा धोका वेगळा आहे. गरम पाण्यात चोळली तर ती आटून घट्ट होते, आणि आटलेली लोकर पूर्ववत होत नाही.

नवा घेताना

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात घ्या किंवा दुकानात, हात लावल्यावर जो स्वेटर सर्वांत मऊ आणि फुगीर लागतो तो बहुतेक वेळा सर्वांत लवकर गोळे धरतो. तो मऊपणा सैल पिळाचा आणि आखूड तंतूंचा असतो. बाहीच्या आतल्या बाजूला तळहाताने दहा-पंधरा वेळा घासून बघा. लगेच लव उठली तर ठेवून द्या. वीण थोडी ताणून उजेडात धरा, टाके जवळजवळ असतील आणि सोडल्यावर कापड लगेच मूळ जागी आलं तर घ्यायला हरकत नाही. आणि स्कूटरवर रोज घालायचा असेल तर लोकर-अ‍ॅक्रिलिक मिश्रण टाळा. त्यासाठी घट्ट विणीचा पूर्ण अ‍ॅक्रिलिकचा घ्या, लोकरीचा चांगला स्वेटर सॅक नसलेल्या दिवसांसाठी ठेवा.

पुण्याला किंवा उत्तरेला नेणार असाल तर एक फरक लक्षात ठेवा. तिथली थंडी कोरडी असते. कोरड्या हवेत अ‍ॅक्रिलिकमध्ये स्थिर वीज साठते, बाहेरची लव आणि केस त्याला चिकटतात आणि गोळ्यांत गुंफले जातात. काळ्या स्वेटरवर पांढरे गोळे दिसतात ते असे. आत सुती शर्ट घातला आणि घरी आल्यावर ब्रश मारला तर बराच फरक पडतो.

पावसाळ्याआधी ठेवताना

मार्चमध्ये स्वेटर आत ठेवताना आधी धुवा, पूर्ण वाळल्यावर गोळे काढा, आणि मगच घडी घाला. मळका किंवा घामाचा लोकरीचा स्वेटर कसर आधी गाठते, आणि जूननंतरच्या दमट हवेत त्यावर बुरशीही धरते. झाकण घट्ट बसणारा डबा किंवा पिशवी, आत सिलिका जेलच्या पुड्या, आणि डांबरगोळ्या घालायच्याच असतील तर कापडात बांधून, स्वेटरला थेट न लागतील अशा. डबा गच्च भरू नका. गणपतीनंतर एखादं कोरडं ऊन मिळालं की काढून सावलीत वारा द्या आणि पुड्या बदला. त्या वेळी छोटी गोल भोकं दिसली तर ती यंत्राची की कसरीची, हे असं ओळखा: यंत्राचं भोक जिथे गोळे कापले त्याच जागी असतं, कसरीची भोकं कुठेही, बहुधा घडीच्या आत आणि गळ्या-काखेच्या मळक्या भागात असतात, आणि सोबत वाळूसारखे बारीक कण सापडतात. कण सापडले तर तो स्वेटर बाकीच्या कपड्यांपासून त्याच दिवशी वेगळा करा.